बॅटरी हेल्थ काही महिन्यांतच घसरली? सर्व्हिस सेंटरला पत्र असं लिहा

काउंटरवर जाऊन "फोन घेऊन आठच महिने झालेत, बॅटरी हेल्थ एवढी कशी काय उतरली?" असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "नॉर्मल आहे, वापरावर अवलंबून असतं." तोंडी प्रश्न, तोंडी उत्तर, आणि हातात काहीच नाही. तेच पत्राने किंवा ईमेलने विचारलं तर समोरच्याला काहीतरी लिहून द्यावं लागतं. मात्र पत्रात राग भरला तर ते तक्रारींच्या गठ्ठ्यात जातं. योग्य आकडे देऊन योग्य प्रश्न विचारला तर ते तंत्रज्ञाच्या टेबलावर जातं. असं पत्र पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. या पत्रात "बॅटरी फुकट बदलून द्या" ही पहिली मागणी नसते. पहिली मागणी असते ती आकड्याच्या लेखी खुलाशाची. बॅटरी बदलून मिळण्याचा रस्ता त्या खुलाशातूनच जातो.

आधी त्या टक्क्यांचा अर्थ

बॅटरी हेल्थ म्हणून फोनमध्ये दिसणारा आकडा, समजा ८६%, हा थेट मोजलेला नसतो, तो अंदाज असतो. बॅटरीत किती विद्युतभार गेला आणि किती बाहेर आला याचा हिशोब फ्युएल गेज नावाची एक छोटी चिप ठेवत असते. बॅटरी शांत असताना ती व्होल्टेजही बघते आणि पूर्ण चार्ज झाल्यावर आता बॅटरीत किती मावतं याचा अंदाज बांधते. त्या अंदाजाला मूळ ठरवलेल्या क्षमतेने भागलं की टक्के मिळतात. मूळ क्षमता ५००० एमएएच असेल आणि चिपच्या मते आता ४३०० एमएएच मावत असेल, तर सेटिंगमध्ये ८६% दिसतं.

अंदाज सुधारायला चिपला संधी लागते. बॅटरी बरीच उतरली, मग सलग बरीच चार्ज झाली आणि मध्ये थोडी शांत राहिली, की चिपला नीट हिशोब लावता येतो. कायम ५० वरून ८० पर्यंतच चार्ज करणाऱ्यांच्या फोनला अशी संधी क्वचितच मिळते. त्यामुळे आकडा आठवडेच्या आठवडे एका जागी थांबतो आणि मग एकदम तीन-चार टक्क्यांनी खाली येतो. घट हळूहळू होत असते, दिसते मात्र एकदम.

दुसरी गंमत नव्या बॅटरीची. नव्या बॅटरीत बऱ्याचदा ठरलेल्या क्षमतेपेक्षा थोडं जास्तच मावतं, पण सेटिंगमधला आकडा १०० च्या वर जात नाही. ५००० ची म्हणून आलेली बॅटरी प्रत्यक्षात ५१५० ची असेल, तर पहिले १५० एमएएच कमी होईपर्यंत तुम्हाला १००% च दिसत राहणार. म्हणून "चार महिने १०० होतं आणि मग घसरायला लागलं" एवढ्यावरून बिघाड सिद्ध होत नाही. पत्रात हे वाक्य मुख्य मुद्दा म्हणून लिहिलंत तर तंत्रज्ञ तिथेच वाचणं थांबवेल.

कधी कधी चूक हिशोबाचीच असते. २०२१ मध्ये अॅपलने आयओएस १४.५ मध्ये आयफोन ११ मालिकेतल्या फोनसाठी बॅटरी हेल्थचं नव्याने कॅलिब्रेशन करण्याची, म्हणजे हा अंदाज पुन्हा जुळवून घेण्याची सोय दिली, कारण काही फोनमध्ये हा आकडा चुकीचा दाखवला जात होता. आकडा चुकू शकतो हे कंपन्यांनाही मान्य आहे, आणि म्हणूनच "हा अंदाज बरोबर आहे का?" हा प्रश्न विचारायला पूर्णपणे रास्त आहे.

बाकी उरतात खऱ्या घटीची कारणं. उष्णता हे सगळ्यात मोठं. चार्जिंगला लावून गेम खेळणं, उन्हात तापलेल्या गाडीत फोन ठेवणं, उशीखाली चार्ज करणं हे सगळं त्यात आलं. बॅटरी सतत १०० टक्क्यांवर ठेवली तरी झीज वाढते. आणि कधी तरी बॅटरीचा सेलच सदोष निघतो. यातलं नेमकं काय झालंय हे आपल्याला घरबसल्या सांगता येत नाही. ते सर्व्हिस सेंटरकडून शोधून घेणं, हेच पत्राचं काम.

पत्र लिहावं की नाही, हे सायकल ठरवते

नवखे लोक महिने मोजतात. "आठच महिने झाले" हे ऐकायला जोरदार वाटतं, पण सर्व्हिस सेंटरमध्ये महिन्यांपेक्षा चार्ज सायकलला वजन आहे. बॅटरीतून एकूण १०० टक्के वापरले गेले की एक सायकल पूर्ण होते. आज ६० टक्के वापरले आणि उद्या ४०, तर दोन दिवसांत मिळून एक सायकल झाली. चार्जरला किती वेळा लावला याच्याशी तिचा संबंध नाही.

आयफोन १५ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये हा आकडा सेटिंगमध्येच `Cycle Count` या नावाने दिसतो आणि टक्के `Maximum Capacity` या नावाने. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये `About phone` च्या आत `Battery information` मध्ये सायकल मिळतात. काही अँड्रॉइड फोन फक्त "चांगली" किंवा "सामान्य" एवढंच सांगतात. तसं असेल तर आकडा सर्व्हिस सेंटरकडूनच मागायचा, आणि तीच पत्रातली पहिली विनंती होते.

मग कंपनीचा मापदंड शोधा. बॅटरी किती सायकलनंतर ८०% क्षमता राखेल, असं तो लिहिलेला असतो. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलसाठी अॅपल ५०० सायकल सांगते, आयफोन १५ पासून १०००. युरोपीय संघात जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनना किमान ८०० सायकलनंतर ८०% हा नियमच लागू आहे.

आता हिशोब. १००० सायकलला २० टक्के घट, म्हणजे दर १०० सायकलला साधारण २ टक्के. मापदंड ५०० चा असेल तर दर १०० सायकलला ४ टक्के. खरी घट अशी सरळ रेषेत होत नाही, सुरुवातीला ती थोडी जास्त असू शकते, म्हणून तीन-चार टक्क्यांची सूट स्वतःहून द्या.

दोन फोन शेजारी ठेवून बघू. दोन्ही आठ महिन्यांचे, दोन्ही ८६% वर. पहिल्याचा मापदंड ५०० सायकलचा आणि त्याच्या ४०० सायकल झाल्या आहेत. हिशोबाने तो ८४% वर असायला हवा होता, उलट दोन टक्के पुढेच आहे. त्याच्या मालकाने पत्र लिहू नये, फोन जास्त वापरला जातोय एवढंच. दुसऱ्याचा मापदंड १००० चा आणि सायकल फक्त १५०. तो ९७% च्या आसपास असायला हवा, सूट धरली तरी ९३. दिसतोय ८६. इथे विचारण्यासारखं नक्की काहीतरी आहे. पुढचं पत्र या दुसऱ्या फोनचं आहे.

पुरावा जमवताना

ज्या दिवशी आकडा खटकला त्या दिवसापासून दर आठवड्याला टक्के आणि सायकल दोन्ही दिसतील असे स्क्रीनशॉट काढा. जुने स्क्रीनशॉट गॅलरीत सापडले तर सोन्याहून पिवळं. फोनचा आयएमईआय क्रमांक `*#06#` डायल केल्यावर दिसतो, तो लिहून ठेवा. खरेदीची पावती शोधा. सॉफ्टवेअरचं शेवटचं अपडेट कधी झालं ती तारीखही नोंदवा, कारण घसरण अपडेटनंतर लगेच झाली असेल तर पहिला संशय कॅलिब्रेशनवर जातो. अशा वेळी पत्र लिहायची घाई करू नका, दोन-तीन आठवडे थांबून आकडा स्थिरावतो का ते बघा.

पत्र लिहिण्याआधी आणखी एक काम करून टाका. फोन आपोआप बंद होईपर्यंत एकदा वापरा, मग मध्ये न काढता १०० पर्यंत चार्ज करा आणि पुढे तासभर तसाच राहू द्या. याने बॅटरी सुधारत नाही, फक्त चिपला हिशोब लावायची संधी मिळते. रोज करायची ही गोष्ट नाही, उलट त्याने झीजच होईल. पण एकदा केलीत की "आधी फुल डिस्चार्ज करून बघा आणि मग या" असं सांगून परत पाठवण्याची सोय उरत नाही.

प्ले स्टोअरवरून घेतलेल्या बॅटरी अॅपचे आकडे पत्रात देऊ नका. तीही अंदाजच करतात, आणि सर्व्हिस सेंटर ते मानत नाही. फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये दिसतं तेवढंच द्या. याउलट काही लक्षणं टक्क्यांपेक्षा भारी ठरतात: २०-२५ टक्के शिल्लक असताना फोन अचानक बंद पडणं, आकडा ४० वरून थेट ३१ वर उडी मारणं, काहीच चालू नसताना फोन गरम लागणं. ही दिसली तर तारखेसकट नोंदवा.

फोनची पाठ फुगलेली दिसली किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली असेल, तर मात्र पत्रबित्र काही नाही. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, कुरिअरने पाठवू नका. आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा आणि स्वतः नेऊन द्या.

प्रत्यक्ष पत्र

बहुतेकांचा पहिला मसुदा असा असतो: "तुमच्या कंपनीचा फोन घेऊन पस्तावलो. एवढे पैसे मोजूनही बॅटरी इतकी निकृष्ट? ताबडतोब बदलून द्या, नाहीतर ग्राहक मंचात जाईन." यात तपासता येईल असं एकही वाक्य नाही. मॉडेल नाही, तारीख नाही, सायकल नाही. उत्तर म्हणून "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढं लिहिलं की त्यांचं काम संपतं.

आता दुसरा मसुदा. रिकाम्या जागी आपापले तपशील घाला.

> विषय: १५० सायकलमध्ये बॅटरी हेल्थ ८६%, तपासणी व लेखी खुलाशाबाबत
>
> महोदय / महोदया,
>
> माझ्याकडील फोन (मॉडेल ____, आयएमईआय ____) मी दि. ____ रोजी खरेदी केला असून त्याची वॉरंटी दि. ____ पर्यंत आहे. बॅटरी मूळचीच आहे. फोन आजवर कुठेही उघडलेला नाही, पडलेला किंवा भिजलेला नाही. चार्जिंगसाठी फोनसोबतचा / कंपनीचा चार्जर वापरतो.
>
> फोनच्या सेटिंगमध्ये दिसलेले आकडे पुढीलप्रमाणे आहेत.
> चौथा महिना: १००%, ७५ सायकल
> सहावा महिना: ९६%, ११२ सायकल
> सातवा महिना: ९१%, १३१ सायकल
> आठवा महिना: ८६%, १५० सायकल
>
> म्हणजे शेवटच्या ७५ सायकलमध्ये १४ टक्के घट दिसते. या मॉडेलची बॅटरी १००० सायकलनंतर ८०% क्षमता राखेल, असे कंपनीने जाहीर केले आहे. शेवटचे सॉफ्टवेअर अपडेट पाचव्या महिन्यात झाले. दि. ____ रोजी फोन पूर्ण उतरवून सलग १००% चार्ज केला, तरी आकड्यात फरक पडला नाही. दि. ____ व दि. ____ रोजी सुमारे २०% शिल्लक असताना फोन आपोआप बंद झाला.
>
> कृपया पुढील बाबींचा लेखी खुलासा करावा.
> १. आपल्या तपासणीत आढळलेली पूर्ण चार्ज क्षमता, मूळ क्षमता आणि सायकल संख्या किती?
> २. १५० सायकलनंतर ८६% हे कंपनीच्या निकषात बसते का? बसत असल्यास तो निकष कोणता?
> ३. हा आकडा चुकीच्या अंदाजामुळे दिसत असल्यास तो दुरुस्त कसा होईल व किती दिवसांत?
> ४. बॅटरीत दोष आढळल्यास ती वॉरंटीत बदलून द्यावी. दोष नसल्यास तसे कारणासह जॉब शीटवर नमूद करावे.
>
> शुल्क लागणारे कोणतेही काम करण्यापूर्वी माझी लेखी संमती घ्यावी.
>
> सोबत: पावतीची प्रत, चार स्क्रीनशॉट.
>
> आपला / आपली,
> ____

यात दोन जागा महत्त्वाच्या. पहिली, ओळीने दिलेले चार आकडे. प्रत्येक ओळीत टक्क्यांशेजारी सायकल असल्यामुळे "वापर जास्त असेल" हे उत्तर आपोआप बाद होतं. दुसरी, दुसरा प्रश्न. "हे नॉर्मल आहे का?" असं विचारलं तर "हो" म्हणून मोकळं होता येतं. निकष कोणता असं विचारलं की आकडा सांगावा लागतो.

न केलेल्या गोष्टी लिहू नका. फोन एकदा भिजला असेल तर "भिजलेला नाही" हे वाक्य काढून टाका. फोनच्या आत पाणी लागल्यावर रंग बदलणारी छोटी पट्टी असते. उघडल्यावर ती लाल दिसली तर तुमच्या बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

काउंटरवर फोन देताना

डेटाचा बॅकअप घ्या, हे सांगायला नको. खरं लक्ष द्यायचं ते जॉब शीटवर, म्हणजे फोन जमा करताना तक्रार नोंदवतात त्या कागदावर. काउंटरवरची व्यक्ती घाईत "बॅटरी लवकर उतरते" असं टाइप करते. ती तक्रार वेगळी आहे. तिच्यासाठी आधी कोणतं अॅप किती बॅटरी खातंय हे बघतात, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करायला सांगतात आणि "टेस्ट पास" म्हणून फोन परत देतात. सही करण्याआधी तक्रारीच्या रकान्यात "१५० सायकलवर हेल्थ ८६%, आपोआप बंद होतो, पत्र सोबत" असं लिहून घ्या. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या, ईमेल केला असेल तर त्याचा तक्रार क्रमांक जॉब शीटवर टाकायला सांगा.

येणारी उत्तरं

"हेल्थ अजून ८० च्या वर आहे, त्यामुळे बदलता येत नाही." हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा येतं आणि ऐकल्यावर माणूस गप्प बसतो. बसू नये. अनेक कंपन्या वॉरंटीत बॅटरी बदलताना ८०% ही रेषा धरतात, ते खरं. पण तुमचा प्रश्न वेगाचा आहे. ७५ सायकलमध्ये १४ टक्के या वेगाने उरलेले ६ टक्के आणखी ३२ सायकलमध्ये संपतील. महिन्याला १९ सायकल होत असतील, तर हे दहाव्या महिन्याच्या आसपास होईल, म्हणजे बारा महिन्यांच्या वॉरंटीच्या आतच. तेव्हा उत्तर द्या: "मान्य. आजची मोजमापं जॉब शीटवर लिहून तक्रार नोंदवून ठेवा. वॉरंटी संपण्याआधी पुन्हा तपासणीला येतो." वेग मध्येच मंदावला आणि आकडा ८५ वर थांबला, तर बहुधा अंदाजाची जुळवाजुळव चालू होती आणि तुमचं फार नुकसान झालेलं नाही. वेग टिकला तर आठव्या महिन्यातली ही नोंद अकराव्या महिन्यात कामी येते. म्हणून ८६% वर लिहिलेलं पत्र वाया जात नाही, मात्र वॉरंटी संपायच्या एक महिना आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

"चार्जिंगच्या सवयी चुकीच्या आहेत." कोणती सवय, आणि ती तपासणीत कशी दिसली, ते विचारा. रात्रभर चार्जिंगला लावणं एवढंच कारण देत असतील तर ते पुरेसं नाही, कारण आजचे बरेच फोन रात्रीचं चार्जिंग स्वतःच ८० च्या आसपास रोखून धरतात. पण तुम्ही खरोखरच चार्जिंगला लावून तासन् तास गेम खेळत असाल तर त्यांचं म्हणणं बरोबर असू शकतं, तिथे वाद घालून उपयोग नाही.

"टेस्ट पास झाली." पास झाली म्हणजे आकडे आले, मग तेच द्या म्हणावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. बऱ्याच ठिकाणी छापील अहवाल देत नाहीत, पण पडद्यावरचे तीन आकडे जॉब शीटवर हाताने लिहून द्यायला कोणाची ना नसते.

आठवडाभरात उत्तर आलं नाही तर तेच पत्र, एक शब्दही न बदलता, कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवा. वर फक्त जॉब शीटचा क्रमांक आणि फोन जमा केल्याची तारीख लिहा. नवं पत्र लिहायला बसलात की नवा राग येतो आणि आकडे मागे पडतात.

बॅटरी बदलून मिळाली तर काउंटर सोडण्याआधी तिथेच सेटिंग उघडून बघा. टक्के १०० किंवा त्याच्या अगदी जवळ असावेत, सायकल शून्याच्या आसपास, आणि सुटा भाग मूळ नसल्याची कोणतीही सूचना दिसू नये. नव्या बॅटरीची वॉरंटी वेगळी मिळते की जुनीच पुढे चालू राहते हे विचारून बिलावर लिहून घ्या, आणि त्या स्क्रीनचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा.